मेमधला खड्डा, ऑक्टोबरमधलं पाणी

कोरेगाव तालुक्यात घराचा पाया खोदायला लोक बहुधा दिवाळीनंतर हात घालतात आणि पाडवा-अक्षय्य तृतीयेच्या आसपास हे काम जोरात असतं. शेतातली कामं उरकलेली असतात, खड्डे कोरडे राहतात, मजूर मिळतात. ज्यांच्याकडे माती तपासायची पद्धत आहे, त्यांची बोअरही याच दिवसांत घेतली जाते. मग अहवालात एक ओळ येते: ‘बोअरमध्ये भूजल आढळले नाही.’ ओळ खरी असते, पण ती मे महिन्याची असते. घर मात्र पुढची पन्नास-साठ वर्षं प्रत्येक ऑक्टोबरमध्ये तिथेच उभं राहणार असतं.

हा तालुका सह्याद्रीच्या पूर्वेला, पावसाच्या सावलीत येतो. महाबळेश्वरात जितका पाऊस पडतो, त्याचा लहानसा हिस्साच इथवर पोचतो. तरी जमिनीखालचं पाणी इथे एका जागी थांबत नाही. कोरेगाव गाव वसना आणि तिळगंगा या नद्यांच्या परिसरात आहे, तालुक्याच्या पश्चिमेकडून कृष्णा वाहते आणि धोम धरणाच्या डाव्या कालव्याचं पाणी तालुक्यात फिरतं. कालव्याचं आवर्तन सुटलं की खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी वर येते, हे कोणताही विहीरमालक सांगेल. पावसाळा सरतानाची पातळी सर्वांत वर, मे महिन्यातली सर्वांत खाली. याच तालुक्यातल्या वेळू गावाने 2016 साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये पहिला क्रमांक मिळवला. डोंगरउतारावर चर खणून, बांध घालून पाणी जिरवण्याचं ते काम होतं. अशा कामाने विहिरी भरतात, शेती उभी राहते. पण पाया बांधणाऱ्याने त्यातून एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पाणी जिरवण्याची कामं होत आहेत तिथे दहा वर्षांपूर्वीची पातळी पुढच्या दहा वर्षांचा अंदाज देत नाही.

आता प्रश्न असा की पायाखाली पाणी आलं म्हणजे नेमकं काय होतं? बरेच लोक समजतात की पाण्याने माती ‘निसरडी’ होते, कण एकमेकांवरून घसरतात. स्वच्छ वाळूच्या बाबतीत हे बरोबर नाही. ओल्या आणि कोरड्या वाळूचा घर्षणकोन जवळपास सारखाच असतो. बदलतं ते वजन. विहिरीतून भरलेली घागर ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हाताला हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की दोर ताणतो. जमिनीतल्या मातीच्या कणांचंही तसंच आहे. पाण्याखाली गेलेल्या कणांचा काही भार पाणी उचलून धरतं.

घर्षण मात्र कणांवर किती दाब आहे यावर चालतं. दाब कमी झाला की घर्षण कमी आणि घर्षण कमी झालं की मातीची घसरण्याला विरोध करण्याची ताकद कमी. कार्ल तेर्झागी यांनी 1920च्या दशकात मांडलेली ‘परिणामी दाबा’ची कल्पना हीच. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केल्यावर उरतो तो कणांकणांमधला दाब, आणि मातीची ताकद त्यावर ठरते. पुढे 1943 साली त्यांनी उथळ पायाच्या भारधारण क्षमतेचं जे समीकरण दिलं, त्यावर आजची जवळपास सगळी गणितं उभी आहेत.

पाया जमिनीत खचून पडतो तेव्हा माती फक्त खाली दबत नाही. फुटिंगखालची पाचर खाली सरकते, तिच्या दोन्ही बाजूंची माती आधी बाहेरच्या दिशेला आणि मग वर ढकलली जाते. या हालचालीला दोन गोष्टी अडवतात. एक म्हणजे फुटिंगच्या तळाच्या पातळीवर आजूबाजूला असलेल्या मातीचं वजन. ती वरून दाबत असते आणि खालची माती उचलली जाऊ देत नाही. दुसरं म्हणजे घसरण्याच्या पृष्ठावर, फुटिंगखाली, खुद्द त्या मातीचं वजन. भारतीय मानक आयएस 6403 (1981 चं) यातलं समीकरण हेच दोन भाग वेगवेगळे मोजतं, आणि त्यांच्याआधी चिकटपणाचा एक भाग असतो. आकाराचे, खोलीचे आणि कलत्या भाराचे गुणक सध्या बाजूला ठेवले तर निव्वळ अंतिम क्षमता अशी येते:

```
qd = c·Nc + q·(Nq − 1) + 0.5·B·γ·Nγ·W'
```

c हा चिकटपणा, q हा फुटिंगच्या तळावर बाजूच्या मातीचा दाब, B ही फुटिंगची रुंदी, γ हे मातीचं एकक वजन. Nc, Nq, Nγ हे घर्षणकोनावरून तक्त्यातून मिळणारे आकडे आहेत. शेवटी लावलेला W' हा पाण्याचा गुणक.

मानक या गुणकाबद्दल तीन परिस्थिती सांगतं. फुटिंगच्या तळाची खोली Df मानू. पाणी Df अधिक B या खोलीवर किंवा त्याहून खाली कायम राहणार असेल तर W' = 1, म्हणजे पाण्याने काहीच बिघडत नाही. पाणी फुटिंगच्या तळापर्यंत किंवा त्याच्या वर येऊ शकत असेल तर W' = 0.5. या दोहोंच्या मध्ये असेल तर सरळ रेषेत मधला आकडा काढायचा. एका रुंदीइतकी खोली का, तर घसरण्याची पाचर साधारण तेवढीच खोल जाते. त्याखालचं पाणी या हालचालीत सामीलच होत नाही. आणि 0.5 का, तर संपृक्त मातीचं वजन घनमीटरला साधारण 2 टन असतं, पाण्याचं 1 टन. वजा केलं की बुडालेल्या मातीचं परिणामी वजन साधारण 1 टन उरतं. म्हणजे अर्धं. हा ‘अर्धा’ निसर्गाचा नियम नाही, सोयीची जवळची किंमत आहे. ओलसर मातीचं वजन 1.8 टन आणि बुडालेलीचं 1 टन असेल तर खरं गुणोत्तर 0.56 येतं. मानक 0.5 धरून थोडं सुरक्षित बाजूला राहतं.

इथपर्यंतचं बहुतेक अभियंत्यांना पाठ असतं. चूक पुढच्या पायरीवर होते. W' हा फक्त शेवटच्या भागाला लावलेला आहे. दुसऱ्या भागातल्या q कडे पाहा. मानक q ला ‘परिणामी’ दाब म्हणतं. म्हणजे पाणी फुटिंगच्या तळाच्या वर आलं तर तिथली माती बुडालेली धरून q वेगळा काढायचा आहे. त्यासाठी समीकरणात कोणताही गुणक लिहिलेला नाही. तो दिसत नाही म्हणून तो विसरला जातो. आणि आकडे मांडले की कळतं, पाण्याने सर्वांत जास्त नुकसान नेमकं याच न दिसणाऱ्या जागी होतं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. ठिकाण कृष्णाकाठची गाळाची, वाळूमिश्रित जमीन. जागा ठरावीक नाही, आकडे गणितासाठी धरलेले आहेत. दोन मजली घर, चौरस फुटिंग 1.5 मीटर बाय 1.5 मीटर, तळ जमिनीखाली 1.5 मीटर. चिकटपणा शून्य, घर्षणकोन 30 अंश. ओलसर मातीचं वजन घनमीटरला 1.8 टन, बुडालेलीचं परिणामी 1 टन. या कोनाला Nq = 18.4 आणि Nγ = 22.4. चौरस आकारासाठी दुसऱ्या भागाला 1.2 आणि तिसऱ्याला 0.8 असे गुणक लागतात. खोलीचे गुणक मुद्दाम घेतलेले नाहीत. मानक ते फुटिंगभोवतीचा खड्डा नीट थरांनी ठोकून भरला असेल तरच घ्या म्हणतं, आणि घराच्या कामात तो तसा भरला जाईल याची खात्री कोण देणार? (माती सैल असेल तर घर्षणकोनही कमी करून घ्यावा लागतो. इथे ती घट्ट धरली आहे.)

मे महिना. पाणी 3 मीटरहून खाली, म्हणजे Df अधिक B च्याही खाली. q = 1.8 × 1.5 = 2.7. दुसरा भाग 2.7 × 17.4 × 1.2 = 56.4. तिसरा भाग 0.5 × 1.5 × 1.8 × 22.4 × 0.8 = 24.2. बेरीज 80.6 टन प्रति चौरस मीटर. तीनचा सुरक्षा गुणक लावला तर 26.9 टन. सव्वादोन चौरस मीटरच्या फुटिंगवर सुमारे 60 टनांचा कॉलम बसतो.

आता पाणी फुटिंगच्या तळापर्यंत, म्हणजे दीड मीटरवर आलं असं धरा. q बदलत नाही, कारण तळाच्या वरची माती कोरडीच आहे. तिसरा भाग अर्धा होऊन 12.1. बेरीज 68.5, सुरक्षित क्षमता 22.8 टन. म्हणजे पंधरा टक्के घट. ‘अर्धा’ शब्द ऐकून वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कमी.

आणि पाणी जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत आलं तर? तिसरा भाग 12.1 वरच थांबतो, तो आणखी कमी होत नाही. पण q = 1 × 1.5 = 1.5 होतो, आणि दुसरा भाग 56.4 वरून 31.3 वर येतो. बेरीज 43.4, सुरक्षित 14.5 टन. मे महिन्यातल्या आकड्याच्या जेमतेम 54 टक्के.

हे दोन टप्पे शेजारी ठेवून बघा. पाणी तीन मीटरवरून दीड मीटरवर आलं तेव्हा 26.9 चे 22.8 झाले, म्हणजे चार टन गेले. दीड मीटरवरून पृष्ठभागापर्यंत, तेवढंच अंतर चढलं तेव्हा 22.8 चे 14.5, म्हणजे आठ टनांहून जास्त गेले. सारखाच दीड मीटर, पण नुकसान दुप्पट. कारण अशा मातीत आणि अशा खोलीवर पायाला मुख्य आधार बाजूच्या मातीच्या वजनाचा असतो. ते वजन पाण्यात बुडालं की आधार जातो. पाणी पाऊण मीटरवर असेल तर q = 1.8 × 0.75 + 1 × 0.75 = 2.1, आणि सुरक्षित क्षमता 18.6 टन येते. तळाच्या वरच्या प्रत्येक वितीला किंमत आहे.

आता चूक किती मोठी आहे ते कळेल. ज्याने फक्त W' = 0.5 लावला आणि q मध्ये नेहमीप्रमाणे ओलसर वजन गुणिले खोली ठेवली, त्याला पृष्ठभागावर पाणी असतानाही 22.8 टनच मिळतील. खरा आकडा 14.5. दीडपटीहून जास्त फुगवलेली क्षमता, आणि तीही ‘पाण्याची दुरुस्ती केली आहे’ असं अहवालात लिहून. संगणकावरच्या तक्त्यात ही चूक सहज शिरते. W' साठी वेगळा रकाना असतो, तो भरला की माणूस निश्चिंत होतो. q चा रकाना मात्र मागच्या कामातून जशाच्या तसा उचललेला असतो.

उलट चूकही होते. कुणी तिसऱ्या भागात γ च्या जागी बुडालेल्या मातीचं 1 टन घालतो आणि वर W' = 0.5 ही लावतो. एकाच पाण्याची दोनदा वजावट. आपल्या उदाहरणात मग 14.5 च्या जागी 12.7 येतात. यात धोका नाही, पण फुटिंग उगाच मोठं होतं आणि मालकाचे पैसे मातीत जातात. नियम सोपा आहे. तिसऱ्या भागात एकतर पूर्ण वजन आणि W', नाहीतर बुडालेलं वजन आणि W' शिवाय. दुसऱ्या भागात मात्र W' कुठेच नाही. तिथे पाण्याच्या वरची माती ओलसर वजनाने आणि खालची बुडालेल्या वजनाने, अशी बेरीज करायची.

घर आधीच 26.9 टनांवर बांधून झालं आणि नंतर पाणी पृष्ठभागापर्यंत आलं, तर काय होईल? अंतिम क्षमता 43.4, भार 26.9. सुरक्षा गुणक तीनवरून 1.6 वर आला. म्हणजे घर कोसळत नाही. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पण वाळूचा ताठरपणाही कणांवरच्या दाबावर अवलंबून असतो, त्यामुळे पाणी वर आल्यावर पाया थोडा आणखी बसतो. सगळे कॉलम सारखे बसले तर घराला काही होत नाही. ते सारखे बसत नाहीत. कालव्याकडची किंवा नाल्याकडची बाजू आधी भिजते, भरावाची बाजू जास्त बसते, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते.

ही भेग ओळखता येते. काळ्या मातीवरच्या घरांत भेगा ऋतूप्रमाणे उघडतात-मिटतात. उन्हाळ्यात माती आकसली की रुंद, पावसात फुगली की बारीक. पाया बसल्याने आलेली भेग तशी मिटत नाही. ती पावसाळा सरताना किंवा आवर्तनानंतर वाढते, मग थांबते, आणि पुढच्या वर्षी पाणी त्याहून वर आलं तर पुन्हा वाढते. भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहिली की वर्षभरात उत्तर मिळतं.

काळ्या मातीचा विषय निघालाच आहे, तर इथे थांबायला हवं, कारण तालुक्यात ती भरपूर आहे आणि वरचं गणित तिला तसंच लावणं चूक ठरतं. चिकणमाती संपृक्त असेल आणि भार पटकन आला तर घर्षणकोन शून्य धरतात. मग Nγ शून्य आणि Nq एक. दुसरा आणि तिसरा, दोन्ही भाग गळून पडतात. उरतो तो c गुणिले 5.14. म्हणजे W' कितीही धरा, उत्तर बदलत नाही. मग चिकणमातीला पाण्याने काही होत नाही का? खूप होतं, पण दुसऱ्या वाटेने. मे महिन्यात दगडासारखी कडक लागलेली काळी माती पाणी मिळाल्यावर मऊ होते, तिचा c च पडतो. तिथे एकक वजनाची दुरुस्ती उपयोगाची नाही. नमुना भिजवून, संपृक्त अवस्थेत c मोजणं हाच उपाय. आणि फुगणाऱ्या मातीत पाया तिच्या खाली नेणं किंवा पाईल घेणं हा वेगळाच विषय. अर्धं करून मोकळं होणं तिथे खोटं समाधान देतं.

मुरूम आणि त्याखालचा काळा कातळ ही तिसरी परिस्थिती, आणि तालुक्यातल्या पुष्कळ घरांचं नशीब की त्यांचे पाये तिथे पोचतात. घट्ट मुरमात क्षमता इतकी असते की पाण्याची वजावट करूनही घराच्या भाराला ती पुरते. कातळावर हे समीकरणच लागू होत नाही. पण मुरमात एक फसवं पाणी असतं. वरून जिरलेलं पाणी कातळाच्या सपाट थरावर अडतं आणि पावसाळ्यात काही आठवडे तिथेच तुंबून राहतं. विहिरीची पातळी पंधरा मीटरवर असली तरी पायाजवळ दीड मीटरवर पाणी असू शकतं. म्हणून विहिरीवरून अंदाज काढताना विहीर पाणी कोणत्या थरातून घेते हे पाहावं लागतं.

मग गणितात कोणती पातळी धरायची? मानक ‘कायम राहील’ आणि ‘वर येण्याची शक्यता आहे’ असे शब्द वापरतं. म्हणजे खोदण्याच्या दिवशीची पातळी नाही. इमारतीच्या आयुष्यात सर्वांत वर जिथवर पाणी येऊ शकेल, ती पातळी. ती शोधायला कोरेगावात फार खटपट पडत नाही. जवळच्या विहिरीच्या बांधकामावर पाण्याच्या रेषा असतात. सर्वांत वरची ठळक रेषा कुठली, ते मालकाला विचारावं. नवरात्राच्या सुमारास पाणी किती पायऱ्यांवर असतं, एवढाच प्रश्न पुरतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा नोंदवते. त्यात पावसाळ्यानंतरची नोंद पाहायची, मेमधली नाही. स्वतःच्या बोअरमध्ये छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप सोडून तोंडाला झाकण लावलं तर त्याच खर्चात पुढचे सगळे महिने पाणी मोजता येतं. बोअर झाल्या झाल्या मोजलेली पातळी खोटी असते, कारण चिकट थरातून पाणी झिरपायला वेळ लागतो. निदान एक दिवस थांबून मोजावं, जमलं तर अख्खा पावसाळा.

प्लेट टेस्ट करून घेतली असेल तर आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. लोखंडी प्लेट तीस ते पंचाहत्तर सेंटिमीटरची असते. तिच्या भाराचा परिणाम खाली तिच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोलीपर्यंतच जातो. तीस सेंटिमीटरच्या प्लेटखाली दीड मीटरवर पाणी असेल तर प्लेटला त्याची जाणीवच होत नाही, निकाल चांगला येतो. पण त्याच तळावर नंतर दोन मीटर रुंद फुटिंग बसलं तर त्याची पाचर त्या पाण्यात शिरते. शिवाय मेमधल्या बारीक वाळूत कणांमध्ये किंचित ओल असते, तिच्या ताणाने कण तात्पुरते एकमेकांना धरून असतात. पाणी वर आलं की ही पकड एका दिवसात जाते. प्लेट टेस्टचा आकडा जसाच्या तसा घेणाऱ्या कुणालाही हे दोन्ही विचारावं.

कृष्णेच्या खालच्या अंगाला सांगलीत प्रश्न आणखी उघड होतो. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी 57 फुटांच्या पुढे गेली, शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. तिथे पाणी पृष्ठभागावर नाही, पृष्ठभागाच्याही वर. मग क्षमता आणखी घटते का? नाही. एकदा माती पूर्ण बुडाली की वर कितीही फूट पाणी चढलं तरी कणांवरचा परिणामी दाब तोच राहतो, कारण वरच्या पाण्याने जेवढा एकूण दाब वाढतो तेवढाच पाण्याचा दाबही वाढतो. आपल्या उदाहरणातले 14.5 टन पुरातही 14.5 च. महापुरात पाया जातो तो बहुधा वाहत्या पाण्याने बाजूची माती खरडून नेल्यामुळे. बाजूची माती गेली की q शून्याकडे जातो आणि समीकरणातला सर्वांत मोठा भागच नाहीसा होतो. नदीकाठच्या फुटिंगसाठी ‘पुराची पातळी किती’ यापेक्षा ‘पुरात किती माती निघून जाईल’ हा प्रश्न म्हणूनच जास्त महत्त्वाचा.

खड्डा खोदतानाच पाणी लागलं, तर आणखी एक नुकसान हातानेच करून घेतलं जातं. फुटिंगच्या मधोमध पंप टाकून उपसा केला की पाणी खालून वर, तळातून झिरपत येतं. वर चढणारं पाणी कणांना आणखी उचलतं आणि बारीक वाळूत तळ उकळल्यासारखा दिसायला लागतो. तिथली माती सैल झाली की तक्त्यातला घर्षणकोन तिला लागू राहत नाही, मग वरचं सगळं गणित कागदावरच राहतं. पंपाचा खड्डा फुटिंगच्या बाहेर, कोपऱ्यात, तळापेक्षा किमान हातभर खोल घ्यावा. पाणी तळाच्या खाली उतरलं की लगेच पीसीसी टाकावं, तळ रात्रभर पाण्यात सोडू नये. एखाद्या कोपऱ्यात तळ पायाला मऊ लागला तर ती माती काढून टाकून तिथे दगडी चुरी किंवा जाड पीसीसी भरावं. सैल मातीवर पुन्हा माती टाकून ठोकू नये.

आता शेवटचा हिशेब. पाणी पृष्ठभागापर्यंत धरून तोच 60 टनांचा कॉलम बसवायचा असेल तर फुटिंग किती मोठं हवं? वरचीच समीकरणं उलटी चालवली की 1.96 मीटर येतात, म्हणजे 2 बाय 2 मीटर. दीड मीटरच्या जागी दोन मीटर. क्षेत्रफळ 2.25 वरून 4 चौरस मीटर. काँक्रीट आणि लोखंड वाढतं, पण भिंत फुटल्यानंतर पायाखाली आधार घालायच्या खर्चाशी त्याची तुलनाच होत नाही. रुंदी वाढवण्याऐवजी खोली अर्ध्या मीटरने वाढवली तर? q वाढून सुरक्षित क्षमता जवळपास 18 टनांवर जाते. फायदा आहे, पण 60 टनांना दीड मीटरचं फुटिंग तरीही अपुरंच. आणि वाळूत पाण्याखाली अर्धा मीटर अधिक खोदणं हे वर सांगितलेल्या उपशाच्या धोक्यांसह येतं. अशा जमिनीत मी रुंदी वाढवणं पसंत करेन.

घर बांधणाऱ्या वाचकाने हे सगळं स्वतः मोजायची गरज नाही. अहवाल हातात आला की दोनच गोष्टी शोधाव्यात: पाणी किती खोलीवर धरलं आहे, आणि q काढताना कोणतं एकक वजन वापरलं आहे. पहिल्याचं उत्तर ‘बोअरमध्ये आढळले नाही’ एवढंच असेल आणि बोअर मार्च ते मे दरम्यान झालेली असेल, तर शेजारच्या विहिरीची ऑक्टोबरमधली पातळी अभियंत्याला सांगा आणि गणित पुन्हा करून मागा. फुटिंग अजून कागदावर आहे, तोपर्यंत हे मागता येतं.